गाणं कापा, पण समेवर

आपण फोन उचलला नाही, तर भारतात मोबाइलची घंटी ३० सेकंद वाजायला हवी, असा नियम ‘ट्राय’ने नोव्हेंबर २०१९मध्ये केला. त्याआधी कंपन्यांच्या चढाओढीत ही वेळ पंचवीस सेकंदांच्या आसपास घसरली होती. रिंगटोनसाठी गाणं कापायला बसणाऱ्याने हा आकडा आधी लक्षात घ्यावा. आपल्या आवडत्या गाण्याला एवढीच जागा मिळणार आहे, आणि माणूस फोन बहुधा त्याहून आधीच उचलतो.

बरेच जण अख्खं गाणंच रिंगटोन म्हणून लावतात. फोन ते पहिल्या सेकंदापासून वाजवतो. जुन्या भावगीतांना आणि सिनेगीतांना ऐसपैस सुरुवात असते. व्हायोलिन हळूहळू चढतात, मग सतारीचा एखादा तुकडा येतो आणि मुखडा सुरू होईपर्यंत समोरच्याने फोन ठेवलेला असतो. म्हणून तुकडा गाण्याच्या पोटातून काढावा लागतो. तोही कानाला नव्हे, फोनच्या स्पीकरला मानवणारा. शेंगदाण्याएवढ्या त्या स्पीकरमधून डग्गा, ढोल, बेस गिटार असले खर्जातले आवाज जवळजवळ येतच नाहीत. बासरी, सनई, हार्मोनिअम आणि वरच्या पट्टीतला गळा मात्र दोन खोल्या ओलांडून ऐकू जातो. हेडफोनवर ऐकून निवड केली की इथेच फसगत होते.

माझ्या आत्याचं उदाहरण घेतो. वय सत्तरीपुढचं. चष्मा कायम दुसऱ्या खोलीत. हात कणकेत असताना फोन वाजला, तर तो परदेशातल्या मुलाचा आहे, दवाखान्याचा आहे की कर्ज देऊ करणाऱ्याचा, एवढंच तिला ओट्यापाशी उभं राहून कळायला हवं होतं. मुलासाठी तिने एका भावगीतातला दोन कडव्यांमधला बासरीचा तुकडा सुचवला. निवड उत्तम होती. बासरी स्वच्छ ऐकू येते, आणि शब्द नसल्यामुळे ओळ मध्येच तुटण्याचा प्रश्नही नाही.

पहिली अडचण फाइलची. गाणी ऐकवणाऱ्या अ‍ॅपमध्ये ‘डाउनलोड’ केलेलं गाणं कुलूपबंद असतं. ते त्या अ‍ॅपमध्येच वाजतं, बाहेर काढून कापता येत नाही. विकत घेतलेली एमपीथ्री फाइल किंवा सीडीवरून घेतलेलं गाणं चालतं. नातवाने वाजवलेली पेटी फोनवर रेकॉर्ड केली तर तीही चालते, आणि माझ्या मते ती सगळ्यांत चांगली, कारण बसमध्ये शेजाऱ्याच्या फोनवर तीच धून वाजण्याची भीती नाही.

कापण्यासाठी संगणकावर ‘ऑडॅसिटी’ हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. फोनवरही गाणी कापणारी अ‍ॅप मिळतात, पण बोटापेक्षा माउसने रेघ नेमकी धरता येते. खरी मेख तुकडा कुठे संपवायचा यात आहे. तुकडा संपला की फोन तो पुन्हा पहिल्यापासून वाजवतो. आवर्तनाच्या मध्येच कापलं, तर सांध्यावर ताल अडखळतो आणि दर खेपेला कानाला खटकतो. म्हणून समेपासून समेपर्यंत कापावं. आत्याच्या तुकड्याला केरवा होता, म्हणजे आठ मात्रा. लय मोजली, तर मिनिटाला साधारण १२० मात्रा. म्हणजे एक आवर्तन चार सेकंदांचं. सहा आवर्तनं घेतली की २४ सेकंद होतात. हा तुकडा एकदा पूर्ण वाजतो आणि पुन्हा सुरू होताना समेवरच येतो. दादरा असता, तर याच लयीत सहा मात्रांना तीन सेकंद लागले असते आणि आठ आवर्तनांत तेवढाच तुकडा झाला असता. ताल ओळखता येत नसेल, तर ठेका जिथे जोरात पडतो तिथे पायाने ठोका द्या आणि एका ठोक्यापासून दुसऱ्या तशाच ठोक्यापर्यंत निवडा.

निवडलेल्या भागाच्या टोकांशी ‘टक्’ असा आवाज येत असेल, तर ध्वनीची लाट मध्यावर नसताना कापली गेली आहे असं समजावं. ऑडॅसिटीत निवड कायम ठेवून Z दाबलं, की दोन्ही टोकं जवळच्या शून्यावर सरकतात. शेवटी आवाज हळूहळू विरवण्याचा मोह मात्र आवरा. गाण्यात ते छान वाटतं, पण रिंगटोनमध्ये फोन थकल्यासारखा वाटतो. जुनं रेकॉर्डिंग दबकं असेल, तर Normalize करून आवाज वर आणावा आणि फाइल एमपीथ्रीमध्ये काढावी.

ही फाइल अँड्रॉइड फोनच्या अंतर्गत मेमरीतल्या Ringtones या फोल्डरमध्ये ठेवायची. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली फाइल तिथल्या तिथे रिंगटोन म्हणून लावू नका. फोन बऱ्याचदा गाण्याची प्रत करून घेत नाही, ते कुठे ठेवलंय एवढंच लक्षात ठेवतो. पुढे कोणी ‘जागा मोकळी’ करताना ती फाइल उडवली, की त्या माणसाचा फोन आला तरी नेहमीचीच घंटी वाजते. रिंगटोन आपोआप बदलली, अशी तक्रार ऐकू आली तर पहिला संशय यावरच घ्यावा.

आता माणसाला टोन द्यायची. गूगलच्या कॉन्टॅक्ट्स अ‍ॅपमध्ये नाव उघडून तीन टिंबांच्या मेनूत Set ringtone दिसतं, काही फोनमध्ये नाव Edit केल्यावर खाली Ringtone असतं. हा पर्याय सापडतच नसेल, तर तो नंबर बहुधा सिमकार्डात साठवलेला आहे. सिमकार्डात नाव आणि नंबर मावतात, टोनला तिथे जागा नाही. नंबर फोनमध्ये किंवा गूगल खात्यात घेतला की पर्याय दिसू लागतो.

आत्याकडे एवढं सगळं करूनही मुलाच्या फोनला बासरी वाजली नाही. तो परदेशातून व्हॉट्सअ‍ॅपवर फोन करत होता, आणि व्हॉट्सअ‍ॅप आपली घंटी स्वतंत्र ठेवतं. त्यासाठी अँड्रॉइडवर मुलाच्या चॅटमध्ये जाऊन वरच्या नावावर टिचकी मारली, सूचनांच्या पर्यायात शिरलो आणि कॉलची रिंगटोन तिथे वेगळी लावली. मग बासरी वाजली.

आयफोनवर गाणं गॅरेजबँड या अ‍ॅपमध्ये आणून Share मधून Ringtone म्हणून काढता येतं. तुकडा जास्तीत जास्त ३० सेकंदांचा ठेवावा लागतो. मग नावाच्या Edit मध्ये ती टोन लावायची.

टोन किती लोकांना द्यावी? माझं मत विचाराल तर तिघा-चौघांनाच. दहा जणांना दहा गाणी दिली, की कोणतं गाणं कोणाचं हे आठवण्यात फोन बंद पडतो. आत्याकडे मुलाला बासरी आहे, दवाखान्याला सनई आणि उरलेल्या जगाला फोनबरोबर आलेली घंटी. ती वाजली की ती कणीक मळत राहते.

नवा फोन घ्याल तेव्हा एक लक्षात ठेवा. गूगल खात्यातून नावं आणि नंबर आपोआप येतात, पण कोणाला कोणती टोन दिली होती हे त्यांच्यासोबत येत नाही. कापलेले तुकडे जुन्या फोनमधून आठवणीने उतरवून घ्या, कारण टोन पुन्हा लावायला दोन मिनिटं पुरतात, तुकडा कापायला मात्र पुन्हा समेपासून सुरुवात करावी लागते.