‘नो लॉग्स’ म्हणजे नेमकं काय?

2017 साली अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात एका तरुणीचा ऑनलाइन छळ करणारा माणूस एफबीआयच्या हाती लागला. तो प्युअरव्हीपीएन वापरत होता आणि ही कंपनी आपण ग्राहकांच्या हालचालींची नोंद ठेवत नाही, असं सांगत असे. तरीही एकाच ग्राहकाने आपल्या घरच्या आणि कामाच्या ठिकाणच्या आयपी पत्त्यांवरून सेवा वापरल्याचं कंपनीच्या नोंदींतून कळलं.

छळ करणारा पकडला गेला हे चांगलंच झालं, पण ग्राहकाने यातून एक गोष्ट शिकावी. कोणत्या वेबसाइट पाहिल्या, ही झाली एक नोंद. कधी आणि कोणत्या आयपीवरून जोडणी झाली, ही दुसरी. अनेकदा पहिली नाकारून दुसरी ठेवली जाते, आणि माणूस ओळखायला दुसरीही पुरते. म्हणून जाहिरात बाजूला ठेवून प्रायव्हसी पॉलिसीत जोडणीची वेळ आणि मूळ आयपी यांबद्दल काय लिहिलंय, ते आधी पाहावं.

स्वीडनमधल्या मुलवाडची गोष्ट याच्या उलट आहे. एप्रिल 2023 मध्ये पोलीस झडतीचं वॉरंट घेऊन तिच्या गोथेनबर्गच्या कार्यालयात आले. ग्राहकांची माहिती असलेली यंत्रं त्यांना जप्त करायची होती. तशी माहिती आम्ही ठेवतच नाही, हे कंपनीने त्यांना दाखवून दिलं. पोलीस रिकाम्या हाताने परतले.

झडतीची वेळ क्वचितच येते, म्हणून बाहेरच्या संस्थेचं ऑडिट महत्त्वाचं. त्यात तपासलं काय, हे बघावं. फक्त मोबाइल ॲप तपासलं असेल, तर सर्व्हरवर काय साठतं ते त्यातून कळत नाही. अहवाल पूर्ण प्रसिद्ध झालाय का आणि तो किती जुना आहे, हेही पाहावं. ऑडिट त्या काळापुरतंच बोलतं.

कंपनी कोणत्या देशात आहे, याचं महत्त्व भारतीयांना 2022 मध्ये कळलं. ग्राहकांची नावं, पत्ते आणि त्यांना दिलेले आयपी पाच वर्षं जपून ठेवा, असा आदेश सर्ट-इनने व्हीपीएन कंपन्यांना दिला. एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क आणि नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. तेव्हा कंपनीची नोंदणी कुठली आणि आपण जोडतो तो सर्व्हर कुठला, हे दोन्ही तपासावं.

राहिले पैसे. कार्डाने भरले की बँकेत नावानिशी नोंद उरते. मुलवाड ईमेलही मागत नाही. ग्राहकाला फक्त खाते क्रमांक मिळतो, आणि महिन्याचे पाच युरो पाकिटात घालून रोख पाठवले तरी चालतात. मात्र रोख भरूनही घरचा आयपी कंपनीला जोडणीच्या वेळी दिसतोच. त्यामुळे निवड करताना आधी नोंदींचं धोरण आणि ऑडिट, मग देश आणि शेवटी पैसे, असा क्रम ठेवावा. पूर्ण ऑडिट अहवाल न दाखवणाऱ्या कंपनीचं दोन-तीन वर्षांचं स्वस्त पॅकेज तर घेऊच नये.