जर्मनीची नोकरी आणि येथील पदविका

महाराष्ट्र सरकारनें २०२४ सालीं जर्मनींतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग प्रांताशीं कुशल मनुष्यबळाविषयीं करार केला. तेव्हांपासून परिचारिका झालेल्या मुलीसुनांना तिकडे पाठवावें कीं नाहीं, ही चर्चा आपल्याही घरांतून ऐकूं येते. या चर्चेंत पगाराचा आंकडा सर्वांना पाठ असतो. येथील पदविका तेथें चालते काय, हें मात्र क्वचितच कोणी विचारतो.

जर्मनींत परिचारिकेचा व्यवसाय कायद्यानें नियंत्रित आहे, व आपल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी तेथें आपोआप ग्राह्य होत नाहीं. ज्या प्रांतांत नोकरी करावयाची, त्या प्रांताच्या अधिकाऱ्याकडे मान्यतेचा अर्ज करावा लागतो. तेथील शिक्षण तीन वर्षांचें असून त्यांत २१०० तास वर्गांतील व २५०० तास प्रत्यक्ष रुग्णसेवेचे असतात. अधिकारी आपला शिक्षणक्रम त्याच्याशीं ताडून पाहतो. म्हणून गुणपत्रिकेहून विषयवार तासांचा तक्ता अधिक मोलाचा.

समजा, एका मुलीनें जी. एन. एम. पूर्ण केलें आहे. महाविद्यालयानें गुणपत्रिका दिली, परंतु कोणत्या वॉर्डांत किती तास काम केलें याची नोंद दिली नाहीं. वृद्धांच्या शुश्रूषेचा अनुभव तिला असूनही कागदावर तो दिसत नाहीं, आणि निर्णयपत्रांत तेवढी उणीव दाखविली जाते. हा तक्ता येथें असतांनाच शिक्क्यानिशीं मागून घ्यावा.

उणीव दाखविली म्हणजे दार बंद झालें असें नव्हे. ती भरून काढण्यास पूरक शिक्षण घेतां येतें, किंवा ज्ञानपरीक्षा देतां येते. ही परीक्षा तोंडी व प्रात्यक्षिक अशी असते, आणि नापास झाल्यास तो भाग एकदांच पुन्हा देतां येतो. जर्मन भाषेचें बी-२ पातळीचें ज्ञानही लागतें. हें सारें होईपर्यंत मुलगी साहाय्यक म्हणूनच काम करते व वेतनही त्याच मानानें मिळतें. दलालाच्या कागदावरील पगार बहुधा त्यापुढील काळाचा असतो.

इंजिनिअरांची गोष्ट निराळी. तेथें त्यांना नोकरीसाठीं सहसा परवाना लागत नाहीं, मात्र ‘इंजिनिअर’ ही उपाधि कायद्यानें रक्षिलेली आहे. व्हिसासाठीं ‘आनाबिन’ या सरकारी सूचींत पदवी व संस्था पाहतात. तेथें महाविद्यालयाचें नव्हे, तर पदवी देणाऱ्या विद्यापीठाचें नांव शोधावें. नाहीं तर चांगली पदवीही सांपडत नाहीं आणि घरांत उगाच घबराट होते.

दलालाशीं करारावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी घ्याव्या: अर्ज कोणत्या प्रांतांत होणार, पूरक शिक्षणाचा खर्च कोणाचा, आणि मुलगी दुसऱ्यांदाही नापास झाली तर बंधपत्राची रक्कम कोणी भरावयाची.