पल्सारचं सेमिनार आठवीच्या वर्गात नेताना

पल्सारवरचं विद्यापीठातलं तासाभराचं सेमिनार साधारण चाळीस स्लाईडचं असतं. त्यात भ्रमणकाळ आणि तो वाढण्याचा वेग यांचा आलेख असतो, चुंबकीय क्षेत्राची समीकरणं असतात, शेवटी संदर्भांची यादी असते. तीच स्लाईड मराठीत उतरवून गावच्या शाळेत दाखवली, तर भाषा समजते आणि विषय मात्र तिथेच राहतो. म्हणून आधी ठरवायचं की मुलांनी घरी काय न्यायचं. माझ्या मते एकच गोष्ट पुरते: हा तारा लुकलुकत नाही, तो फिरतो, आणि त्याचा झोत आपल्यावरून जातो तेवढ्यापुरताच आपल्याला त्याचा ठोका मिळतो. या वाक्याला ज्या स्लाईडचा आधार नाही, ती काढून टाकायची. चाळीसातल्या पाच-सहाच उरतात.

सेमिनारात झोत समजावायला दीपगृहाचं चित्र असतं. जुन्नर तालुक्यातल्या मुलांपैकी फार थोड्यांनी दीपगृह पाहिलेलं असतं. त्याऐवजी अरुंद झोताची बॅटरी मधोमध सुतळी बांधून आडवी टांगावी, सुतळीला पीळ द्यावा आणि खोली अंधारी करून सोडून द्यावं. गोल बसलेल्या प्रत्येक मुलाला फेऱ्याला एकदाच उजेड दिसतो. दोन मुलांना बाकावर उभं करा. झोत त्यांच्या खालून जातो, डोळ्यांवर येतच नाही. आकाशातले पुष्कळ पल्सार आपल्याला का सापडत नाहीत, हे त्या दोघांना वेगळं सांगावं लागत नाही.

मग आवाज. जॉड्रेल बँक वेधशाळेने पल्सारच्या नोंदींचे आवाज उपलब्ध करून दिले आहेत. ते आधीच मोबाईलवर उतरवून घ्यावेत, शाळेतल्या इंटरनेटवर विसंबू नये. सुरुवात B0329+54 पासून करावी. त्याचा भ्रमणकाळ 0.7145 सेकंद, म्हणजे मिनिटाला 84 ठोके. मुलांना मनगटावर बोट ठेवून स्वतःची नाडी मोजायला लावा आणि तोच आवाज सुरू करा. पुष्कळांची नाडी त्याच्या आसपास निघते. त्यानंतर वेला, सेकंदाला अकरा फेरे. इथे ठोके मोजता येत नाहीत, नुसता खडखडाट ऐकू येतो. क्रॅब पल्सार सेकंदाला तीस फेरे घेतो, त्याची घरघर होते. लॉग मापाचा जो आलेख आपण काढून टाकला, त्यातला निम्मा मुद्दा इथे कानांनी कळतो.

गैरसमज याच ठिकाणी शिरतो. मुलांना वाटतं, तारा वाजतोय. ते ओळखायला एक प्रश्न विचारावा: ‘अवकाशात कान लावला तर हे ऐकू येईल का?’ ‘हो’ म्हणणारे हात बरेच निघाले, तर थांबायचं. अँटेनाने रेडिओ लहरी टिपल्या आणि आपण त्यांच्या चढउतारांवरून स्पीकर वाजवला, हे फळ्यावर काढून दाखवायचं. बॅटरी आधी आणि आवाज नंतर, हा क्रम म्हणूनच मोडू नये.

एक अवघड स्लाईड मात्र मी ठेवतेच, ती म्हणजे तिरक्या काळ्या पट्ट्याची. ताऱ्यांमधल्या पोकळीत विरळ इलेक्ट्रॉन विखुरलेले असतात. त्यांच्यातून येताना कमी वारंवारतेच्या लहरी मागे पडतात. B0329+54 चा ठोका 600 मेगाहर्ट्‌झवर आला की तोच ठोका 400 मेगाहर्ट्‌झवर सुमारे 0.39 सेकंद उशिरा येतो, म्हणजे निम्म्या फेऱ्याहून जास्त. करड्या छटांचा मूळ आलेख मुलांना वाचता येत नाही. फळ्यावर एकाखाली एक तीन आडव्या रेघा काढा, वरची 600, मधली 500, खालची 400. वरच्या रेघेवर टिंब द्या, मधल्यावर थोडं उजवीकडे, खालच्यावर आणखी उजवीकडे. टिंबं जोडली की सेमिनारातला तिरका पट्टा तयार होतो, आणि तो मुलांनी स्वतः काढलेला असतो. पल्सार दूर, तर उशीर साधारणपणे जास्त. मात्र वाटेत इलेक्ट्रॉन किती आहेत याचा अंदाजच बांधावा लागतो, त्यामुळे अंतरही अंदाजेच निघतं. हे मुलांना सांगायला कचरू नये.

आकारासाठी परदेशी शहराचा नकाशा दाखवण्याची गरज नाही. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या तीस अँटेना सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. सूर्याहून जास्त वस्तुमानाचा, वीसेक किलोमीटर व्यासाचा अख्खा तारा त्या पसाऱ्यात मावतो.

शाळेला आधी फोन करून दोन गोष्टी विचारून घ्या: खोली अंधारी होते का, आणि मुलांना गोल बसता येईल एवढी ती मोठी आहे का. नसेल, तर व्याख्यान सूर्यास्तानंतर पटांगणात ठेवा.