पाच बाय पाचचा जोखीम तक्ता

कारखान्यातल्या धोक्यांपैकी आधी कोणत्याकडे वळायचं, हे ठरवण्यासाठी पंचवीस चौकटींचा तक्ता वापरतात. आडव्या बाजूला अपघाताची शक्यता आणि उभ्या बाजूला इजेची गंभीरता, दोन्हींना १ ते ५ अंक. दोन्ही अंकांचा गुणाकार म्हणजे त्या जोखमीचा गुणांक. साधारणपणे ४ पर्यंतची जोखीम हिरवी, ५ ते ९ पिवळी, १० ते १६ नारिंगी आणि २० किंवा २५ लाल धरतात. या सीमा प्रत्येक कारखाना स्वतः ठरवतो, पण गुण देण्याआधीच ठरवतो. नाहीतर नको असलेला आकडा पिवळ्यात बसवण्यासाठी सीमाच सरकवली जाते.

तक्त्याची खरी मेहनत चौकटी आखण्यात नसून प्रत्येक अंकाचा अर्थ लिहून ठेवण्यात आहे. ‘शक्यता कमी’, ‘शक्यता जास्त’ एवढंच लिहिलं तर सुपरवायझर आणि मशीनवरचा कामगार त्याच कामाला वेगवेगळे गुण देतात. म्हणून शक्यतेला काळाचं माप लावावं. या धंद्यात कुठे घडल्याचं ऐकिवात नसेल तर १, इतरत्र घडलं पण आपल्याकडे नाही तर २, आपल्याकडे काही वर्षांतून एकदा घडतं तर ३, वर्षातून एक-दोनदा तर ४, आणि दर महिन्याला किंवा त्याहून वारंवार घडतं तर ५. गंभीरतेत प्रथमोपचारावर भागलं तर १, डॉक्टरकडे न्यावं लागलं पण माणूस कामावर परतला तर २, काही दिवस कामावर येता आलं नाही तर ३, कायमचं अपंगत्व आलं तर ४ आणि मृत्यू झाला तर ५.

हे दोन्ही अंक एकाच घटनेचे असायला हवेत, आणि सर्वाधिक चुका इथेच होतात. मशीनजवळ तेल सांडून पाय घसरणं जवळजवळ दर महिन्याला घडतं, म्हणून शक्यता ५. आणि डोकं आपटून माणूस दगावू शकतो, म्हणून गंभीरता ५. असे २५ गुण देणं चूक आहे, कारण दर महिन्याला घडतं ते घसरणं, मृत्यू नव्हे. घसरून हात मोडणं काही वर्षांतून एकदा होत असेल तर ३ गुणिले ३, म्हणजे ९ हा प्रामाणिक आकडा. घसरून नुसतं खरचटण्याला ५ गुणिले १ मिळतात. दोन्ही मांडून मोठा आकडा धरावा.

एक उदाहरण सविस्तर पाहू. पत्र्याचे छोटे भाग कापणारा पॉवर प्रेस आहे. कामगार हाताने पत्रा डायवर ठेवतो आणि पायाचं पेडल दाबतो. हात आत असताना पेडल दाबलं गेलं तर बोटं तुटतात, म्हणून गंभीरता ४. या शॉपमध्ये काही वर्षांपूर्वी असा एक अपघात झाला आहे, म्हणून शक्यता निदान ३. पण कामगारांना विचारल्यावर कळतं की हात थोडक्यात वाचल्याचे प्रसंग वर्षातून तीन-चार वेळा घडतात आणि त्यांची नोंद कुठेच नाही. अशा वेळी शक्यता ४ धरणं योग्य. गुणांक १६, नारिंगीच्या अगदी वरच्या टोकाला.

आता उपाय. हातमोज्यांनी इथे काहीच कमी होत नाही. पंचाखाली आलेलं बोट मोज्यासकट तुटतं. पेडल काढून दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबायची बटणं बसवली आणि डायभोवती गार्ड लावला, तर हात आत असताना स्ट्रोक होणं अवघड होतं. शक्यता २ वर येते, गंभीरता मात्र ४ च राहते, कारण बोट सापडलंच तर ते पूर्वीइतकंच तुटेल. नवा गुणांक ८. ही घट कागदावरची आहे की खरी, हे मशीनजवळ उभं राहूनच कळतं. उत्पादनाच्या घाईत एक बटण लाकडी पाचर घालून कायमचं दाबून ठेवलेलं दिसलं, तर शक्यता पुन्हा ४ लिहावी.

तक्त्याची एक मर्यादा गुणाकारातच आहे. वारंवार खरचटणं, ५ गुणिले १, आणि क्वचितच होणारा मृत्यू, १ गुणिले ५, दोन्हींचा गुणांक ५ येतो. पण हे अंक फक्त क्रम सांगतात; ४ ची इजा २ च्या इजेच्या दुप्पट असते असं नाही. रसायनाची टाकी आत उतरून साफ करण्याचं काम वर्षातून एकदाच निघतं, आपल्याकडे त्यात कधी कोणी दगावलेलं नसतं, आणि २ गुणिले ५ असे १० गुण मिळून ते प्रेसच्या १६ च्या मागे पडतं. म्हणून गंभीरता ५ असलेल्या प्रत्येक कामाला, गुणांक काहीही येवो, वेगळा नियम लावावा: आत उतरण्याआधी ऑक्सिजन आणि विषारी वायूंची तपासणी, लेखी परवाना, आणि काम संपेपर्यंत तोंडाशी थांबणारा दुसरा माणूस.