आधी शिखर, मग पायथा : वेरूळच्या इंद्रसभेची घडण

आपल्या गावी जिनालय उभे राहते तेव्हा कामाचा क्रम ठरलेला असतो. पाया खणला जातो, जोते बांधले जाते, भिंती चढतात, छत पडते, मग शिखर आणि सर्वांत शेवटी कळस. वेरूळच्या डोंगरात कोरलेल्या जिनालयांचा क्रम याच्या नेमका उलट आहे. तेथे शिखराला सर्वांत आधी आकार मिळाला आणि पायऱ्या व अंगण सर्वांत शेवटी मोकळे झाले. तेथे दगडावर दगड रचलेला नाही; नको असलेला दगड काढून टाकला आणि जे राहिले तेच मंदिर ठरले.

वेरूळला जाणारे बहुतेक यात्रेकरू हे सारे सोळाव्या क्रमांकाच्या कैलास लेण्यात पाहतात आणि तेथेच थक्क होतात. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकाच्या उत्तरार्धात, कैलासाचे मुख्य काम झाले. परंतु ही पद्धत मुळापासून समजून घ्यायची असेल, तर डोंगराच्या उत्तर टोकाला असलेल्या जैन लेण्यांकडे, विशेषतः बत्तिसाव्या क्रमांकाच्या इंद्रसभेकडे जावे. कैलास इतके विशाल आहे की काम कसे झाले असेल, याची कल्पना करताना दृष्टी दमते. नवव्या शतकाच्या सुमारास कोरलेली इंद्रसभा एका नजरेत मावते. शिवाय तिचा काही भाग अपुरा राहिला आहे आणि कामाची रीत अपुऱ्या भागातच उघडी पडते.

अंगण का लागले?

आपल्या भागातील पन्हाळ्याजवळची पोहाळे लेणी किंवा दूरची अजिंठ्याची लेणी पाहिली, तर ती कड्याच्या उभ्या तोंडातून आडवी आत शिरलेली दिसतात. वेरूळचा डोंगर तसा ताठ उभा नाही. तो उताराचा आहे. उतारात आडवे शिरायचे, तर आधी समोर एक उभी भिंत निर्माण करावी लागते. त्यासाठी उतारावर चौक आखून तो वरून खाली उतरवला जातो. जसजशी खोली वाढते तसतशी डोंगराकडची बाजू उंच होत जाते आणि दालने कोरण्यासाठी हवी असलेली उभी भिंत तयार होते.

इंद्रसभेच्या शिल्पींनी हा चौक खणताना सगळा दगड काढला नाही. मध्यभागी एक मोठा ठोकळा राखला. त्यातून सर्वतोभद्र, म्हणजे चौमुख जिनप्रतिमेचे, शिखरयुक्त छोटे मंदिर घडले. एका बाजूच्या ठोकळ्यातून हत्ती निघाला आणि दुसऱ्या बाजूच्या सुळक्यातून सुमारे २७ फुटांचा मानस्तंभ. समोरचा दगडही पडद्यासारखा उभा ठेवून त्यात प्रवेशद्वार कोरले. मंदिर, हत्ती, स्तंभ आणि दर्शनी भिंत यांपैकी काहीही बाहेरून आणून बसवलेले नाही. त्या सर्वांची मुळे अंगणाच्या फरशीतून थेट डोंगरात गेलेली आहेत.

कुंभोजच्या बाहुबली क्षेत्रावरील भ. बाहुबलींची २८ फुटी मूर्ती आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. साधारण त्याच उंचीचा हा मानस्तंभ. फरक असा की कुंभोजची संगमरवरी मूर्ती दुसरीकडचा दगड आणून येथे उभी केली आहे. वेरूळचा स्तंभ मात्र जेथे घडला तेथेच उभा होता, त्याच्या भोवतालचा डोंगर तेवढा दूर झाला.

वरून खाली येण्याचा हिशेब

वरून काम करण्यामागे पहिले कारण अगदी व्यवहारी आहे. शिखराचा माथा घडवताना शिल्पी भोवतीच्या न खणलेल्या दगडावरच उभा असतो. माथा पूर्ण झाला की पायाखालचा दगड हातभर उतरवायचा आणि पुढचा थर घ्यायचा. डोंगर स्वतःच परांची होतो आणि काम संपता संपता ती परांचीही नाहीशी होते. बांबू, लाकूड आणि दोर यांचा मोठा खर्च त्यामुळे वाचतो.

दुसरे कारण राडारोड्याचे. तोडलेला दगड खालीच पडणार. काम खालून वर नेले असते, तर वरून सुटलेल्या प्रत्येक कपच्याने खालचे घडवलेले नक्षीकाम फोडले असते. वरून खाली येताना घडवलेला भाग नेहमी डोक्यावर राहतो आणि दगड पडतो तो अजून न घडवलेल्या दगडावर.

हा राडारोडा किती असेल? वेरूळचा दगड म्हणजे आपल्या ओळखीचा सह्याद्रीचा काळा पाषाण, बेसाल्ट. त्याच्या एका घनफुटाचे वजन साधारण ८० किलो भरते. म्हणजे दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशी एक साधी खोली कोरायची, तर १,००० घनफूट, अर्थात ८० टन दगड बाहेर काढावा लागतो. आजच्या दहाचाकी ट्रकच्या जवळजवळ पाच खेपा. हे काम छिन्नी, हातोडा, टिकाव आणि माणसांचे खांदे यांवर झाले. कैलास लेण्यातून काढलेल्या दगडाचे अंदाज दीड ते दोन लाख टनांच्या घरात जातात. म्हणूनच चौकाची पुढची बाजू उताराकडे मोकळी असणे मोलाचे ठरते. विहिरीतला दगड वर ओढावा लागतो. येथे तो पुढे लोटून उतारावर टाकता येतो.

दालनाची सुरुवात छतापासून

अंगणाच्या मागील भिंतीत दुमजली दालने आहेत. तेथे काम आडवे आत शिरते, परंतु नियम तोच. आधी छताच्या पातळीवर माणूस काम करू शकेल एवढी अरुंद गल्ली आत नेली जाते. ती आडवी रुंद केली की छत तयार होते. मग छताखालचा दगड थराथराने उतरवत फरशीपर्यंत यायचे. खांबांच्या जागी दगडाचे चौकोनी ओंडके राखले जातात. कोणताही खांब कोठे असावा, हे छताच्या पातळीवरच ठरलेले असते. अजिंठ्याचे चोविसावे लेणे अपुरे राहिल्यामुळे ही मधली अवस्था तेथे आजही पाहता येते.

यातली खरी कसोटी येथेच आहे. बांधकामात भिंत वाकडी गेली, तर ती उतरवून पुन्हा बांधता येते. जमाखर्चात चुकीची नोंद झाली, तर उलट नोंद करून ती दुरुस्त होते. कोरीव कामात उलट नोंदच नाही. हत्तीच्या सोंडेसाठी राखायचा दगड नजरचुकीने निघून गेला, तर तो परत येत नाही. म्हणून शिखराच्या माथ्यावर पहिला घाव घालण्यापूर्वी खालचे जोते कोठे संपणार, हत्ती किती उंच असणार, द्वार कोणत्या पातळीवर येणार हे सारे ठरलेले असावे लागते. प्रत्येक आकृतीभोवती थोडा जादा दगड सोडायचा आणि तो बारीक टाकीने शेवटी काढायचा, ही सावधगिरी त्यातूनच आली.

तरीही एक गोष्ट कोणाच्याच हाती नव्हती : दगडाचा अंतर्भाग. सह्याद्रीचा पाषाण लाव्हाच्या थरांवर थर साचून बनला आहे. एखादा थर घट्ट असतो, एखाद्यात बुडबुड्यांची पोकळी असते, मध्येच लालसर भुसभुशीत पट्टा किंवा उभी भेग निघते. अशा वेळी दोष असलेला भाग चौकोनी कापून तेथे दुसऱ्या दगडाचा तुकडा बसवत, किंवा गिलाव्याने ती उणीव झाकत. भेगेतून पावसाचे पाणी झिरपते आणि शतकानुशतके मूर्तीचा चेहरा झिजवत राहते. उत्तम नियोजनालाही ही मर्यादा होतीच.

अपुरेपण काय सांगते?

आता इंद्रसभेच्या वरच्या मजल्यावर जावे. तेथील सभामंडप पूर्ण आहे. खांब रेखीव आहेत, छतावर जुन्या रंगकामाचे अवशेष आहेत, गर्भगृहात जिनप्रतिमा आहे. ओसरीच्या एका टोकाला वडाखाली हत्तीवर बसलेला यक्ष आणि दुसऱ्या टोकाला आम्रवृक्षाखाली सिंहवाहिनी अंबिका. या हत्तीवरील यक्षालाच लोकांनी इंद्र मानले आणि लेण्याला ‘इंद्रसभा’ हे नाव चिकटले. भ. पार्श्वनाथ आणि वेलींनी वेढलेले भ. बाहुबली समोरासमोर दिसतात, ही येथील जैन लेण्यांची खास जोडी.

मग जिना उतरून खालच्या दालनात यावे. येथे चित्र पालटते. दालन कच्चे आहे, काम मध्येच थांबलेले आहे. साध्या इमारतीत पैसा किंवा पाठबळ संपले, की वरचा मजला राहून जातो. येथे वरचा मजला पूर्ण आणि तळमजला अपुरा! डोंगर वरून खाली कोरला गेला, याचा याहून सरळ पुरावा शोधण्याची गरज नाही.

खालच्या भागात काही प्रतिमा मात्र पूर्ण आहेत. त्यांतील भ. शांतिनाथांच्या एका प्रतिमेवर ती सोहिल नावाच्या ब्रह्मचाऱ्याची असल्याचा लेख आहे. दुसऱ्या एका लेखात नागवर्मा हे नाव येते. म्हणजे संपूर्ण दालनाचे काम थांबले, तरी एकेका व्यक्तीच्या नावे एकेक प्रतिमा घडत होती. एवढ्या मोठ्या कामात राजाचे नाव पुढे येते. या छोट्या लेखांमुळे आपल्यासारख्या श्रावकांना त्यात वाटा घेणारी साधी माणसेही भेटतात.

जवळच्याच तिसाव्या क्रमांकाच्या ‘छोटा कैलास’ या जैन लेण्याचे कामही अपुरे आहे. मोठ्या खड्ड्यात, कैलासाच्या धर्तीवर, ते एकसंध दगडातून मोकळे करण्यात आले. अशी अपुरी स्थळे पाहताना ‘येथे मोडतोड झाली आहे’ असा समज सहज होतो. मोडलेला दगड आणि न घडलेला दगड यांत फरक आहे. मोडलेल्या जागी कड अनियमित तुटलेली असते. न घडलेल्या जागी टाकीचे घाव एका दिशेने, ओळीत उमटलेले असतात. ते घाव म्हणजे शिल्पीची रोजनिशी आहे. अशी जागा तासून गुळगुळीत करणे किंवा रंग देऊन सजवणे हे श्रद्धेपोटी झाले, तरी त्या रोजनिशीची पाने फाडल्यासारखे होईल.

वेरूळच्या यात्रेत इंद्रसभेच्या अंगणात पोहोचल्यावर दृष्टी प्रथम शिखराच्या माथ्यावर स्थिर करावी आणि सावकाश खाली आणावी. शिल्पींनी ज्या क्रमाने हे मंदिर घडवले, त्याच क्रमाने ते पाहिले जाईल. शेवटी नजर फरशीवर येईल, जेथे मंदिराचे जोते, हत्तीचे पाय आणि स्तंभाचे मूळ एकाच अखंड पाषाणात मिसळलेले आहेत.