उडालेल्या बटा आणि पांढरी मुळे: फोटोतले केस सावरताना

पोर्ट्रेटमधले केस संगणकावर सावरायचे म्हणजे दोन निराळी कामे असतात. एक, डोक्याभोवती भुरभुरणारे आणि चेहऱ्यावर आलेले सुटे केस काढणे. दुसरे, कलप लावून काही आठवडे उलटल्यावर भांगाशी आणि कानशिलांवर डोकावणारी पांढरी मुळे झाकणे. पहिल्या कामात केस पुसून त्यामागे काय असेल ते भरून काढायचे असते. दुसऱ्यात केस जागेवरच राहतात, फक्त त्यांचा उजेड आणि रंग बदलतो. दोन्ही कामे वेगवेगळ्या लेयरवर आणि याच क्रमाने केलेली बरी, कारण जो केस शेवटी पुसायचाच आहे त्याला आधी रंगवत बसण्यात अर्थ नसतो.

एक उदाहरण घेऊ. साखरपुड्याच्या दिवशी वधूच्या आईचा काढलेला फोटो आहे. वय पन्नाशीच्या पुढचे, मधोमध भांग, मागे अंबाडा, त्याला मोगऱ्याचा गजरा. मागे फिकट राखाडी पडदा आणि पाठीमागून एक दिवा. फोटो उभा, २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे लांबीला ६००० पिक्सेल. चौकटीत छातीपासून डोक्याच्या वरपर्यंतचा साधारण ६० सेंटीमीटरचा भाग आला असेल, तर एका मिलिमीटरला १० पिक्सेल मिळतात. माणसाच्या केसाची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. म्हणजे हिशेबाने एक केस एका पिक्सेलमध्ये मावायला हवा, पण भिंगातून येताना तो थोडा पसरतो आणि प्रत्यक्षात दोन-तीन पिक्सेल व्यापतो. पाठीमागच्या दिव्याने उजळलेला केस आणखी जाड दिसतो. पुढच्या सगळ्या ब्रशांची मापे या दोन-तीन पिक्सेलवरून ठरतात.

डोक्यापासून दूर, नुसत्या पडद्यावर तरंगणारे केस सर्वांत सोपे. फोटोशॉपमध्ये मूळ लेयरची प्रत काढून तिला 'डस्ट अँड स्क्रॅचेस' हा फिल्टर लावायचा आणि त्याची त्रिज्या केसाच्या जाडीहून जास्त, सहा ते आठ पिक्सेल ठेवायची. हा फिल्टर आजूबाजूच्या पिक्सेलमधले मधले मूल्य उचलतो, त्यामुळे दोन-तीन पिक्सेलची बारीक रेघ त्यात विरून जाते. मग या प्रतीला काळा मास्क लावून ती पूर्ण लपवायची आणि जिथे केस आहेत तिथेच मास्कवर पांढरा ब्रश फिरवायचा. फिल्टरने केसाबरोबर फोटोतले बारीक दाणेही पुसले जातात, म्हणून त्या लेयरवर किंचित नॉइज परत घालावा लागतो. तो घातला नाही, तर पडद्यावर ब्रश फिरलेल्या वाटा गुळगुळीत पट्ट्यांसारख्या वेगळ्या दिसतात. फाइल ८ बिटऐवजी १६ बिटमध्ये उघडलेली असली, तर पडद्याच्या हलक्या छटांमध्ये पायऱ्या पडण्याचा धोकाही कमी होतो.

डोक्याच्या कडेजवळ मात्र हा फिल्टर चालत नाही, तो केसांची कडच वितळवून टाकतो. तिथे क्लोन स्टॅम्प हाती घ्यावा आणि त्याचा मोड बदलून घ्यावा. फिकट पडद्यावर काळा केस असेल तर मोड 'लायटन' ठेवायचा. मग स्टॅम्प फक्त उचललेल्या नमुन्याहून गडद असलेल्या पिक्सेलवर काम करतो आणि पडद्याला हात लावत नाही. गडद पडद्यासमोर दिव्याने चमकणारा केस असेल तर उलट, 'डार्कन'. एवढ्या एका बदलाने पडद्यावर उमटणारे निम्मेअधिक डाग टळतात.

किती केस काढायचे हा इथला खरा प्रश्न असतो. नवशिक्याच्या हातून बहुधा सगळेच निघून जातात आणि डोक्यावर प्लास्टिकचा टोप बसवल्यासारखी सलग रेषा उरते. खऱ्या केसांची कड तशी कधीच नसते. चांगली पद्धत अशी की, डोक्यापासून सेंटीमीटरभराच्या पलीकडे गेलेले केस काढावेत, अलीकडच्या पट्ट्यात फक्त विरळ करावेत आणि डोक्याच्या वळणाबरोबर वळणारे केस राहू द्यावेत. आडवे जाणारे, एकमेकांना छेदणारे आणि वर उभे राहिलेले केस आधी जावेत. प्रत्येक केस शेंड्यापासून मुळापर्यंत पूर्ण काढावा. अर्ध्यात तोडला तर कडेवर बोथट खुंट उरतात आणि रिटचिंग झाल्याचे त्यांच्यावरूनच पहिल्यांदा लक्षात येते. जिथे तोडावाच लागतो, तिथे दोन-तीन पिक्सेलच्या ब्रशने शेजारच्याच केसाचा रंग उचलून टोकाला निमुळता होत जाणारा नवा केस काढता येतो. यासाठी पेन टॅब्लेट असलेला बरा, कारण हाताचा दाब कमी करत नेला की रेघ आपोआप बारीक होते. माउसने ते साधत नाही.

चेहऱ्यावर आलेल्या केसाला हीलिंग ब्रश लागतो. तो नमुन्यातून त्वचेचा पोत घेतो, पण रंग आणि उजेड मात्र जिथे लावायचा तिथल्या आसपासचा घेतो. गालावर, कपाळावर हे उत्तम जमते. पण केस भुवईजवळ, पापणीजवळ किंवा ओठाच्या कडेवर असेल तर हाच गुण नडतो. ब्रश शेजारचा काळा रंग आत ओढतो आणि धुरकट डाग पडतो. अशा कडांपाशी पुन्हा क्लोन स्टॅम्प, लहान आणि जरा टणक कडेचा. आणखी एक गोष्ट हमखास सुटते. गालावरून गेलेल्या केसाची सावलीही गालावर पडलेली असते, केसापासून थोडी सरकलेली, फिकट आणि रुंद. केस गेला आणि सावली राहिली, तर त्वचेवर कारण नसलेली एक तपकिरी रेघ उरते.

आता मुळे. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर किंवा थोडा जास्त वाढतो. आपल्या उदाहरणात कलप लावून सहा आठवडे झाले असतील, तर भांगाच्या दोन्ही बाजूंना सुमारे दीड सेंटीमीटरचा, म्हणजे फोटोत दीडशे पिक्सेलचा पट्टा तयार झालेला असतो. तो सगळा पांढरा नसतो. काळे, पांढरे असे मिसळलेले असतात, आणि काम अवघड होते ते याच मिश्रणामुळे.

पहिला मोह होतो तो गडद रंगाचा ब्रश घेऊन पट्टा रंगवून टाकण्याचा. त्याने सगळे केस एकाच रंगाचे होतात, एक केस दुसऱ्यापासून सुटा दिसत नाही आणि भांगाशी चिखल माखल्यासारखा सपाट पट्टा दिसतो. दुसरा मोह 'कलर' मोडच्या लेयरचा. हा मोड रंगाची छटा बदलतो, उजेड तसाच ठेवतो. पांढरा केस उजळ असतो, त्यामुळे त्यावर तपकिरी छटा चढली की तो काळा न होता पिंगट दिसू लागतो. म्हणून आधी उजेड उतरवायचा, रंग नंतर.

उजेड उतरवण्यासाठी कर्व्हज अ‍ॅडजस्टमेंट लेयर घ्यायचा, त्यातली रेषा मधोमध धरून खाली ओढायची आणि त्याचा मास्क काळा करायचा. मग मऊ ब्रश, फ्लो दहा टक्क्यांच्या आसपास, आणि हात नेहमी केस ज्या दिशेने जातो त्याच दिशेने, मुळाकडून खाली. पट्टा जिथे कलप लावलेल्या केसाला मिळतो तिथे ब्रश हलका करत न्यायचा. पण याने पांढऱ्यांबरोबर मधले काळे केसही आणखी काळे होतात आणि त्यांच्यातला तपशील बुडतो. त्यावर उपाय लेयर स्टाइलमधल्या 'ब्लेंड इफ' या सोयीत आहे. तिथे 'अंडरलाइंग लेयर'च्या पट्टीवरचा काळा त्रिकोण उजवीकडे सरकवला की खालच्या लेयरमधले गडद पिक्सेल या बदलातून वगळले जातात. ऑल्ट कळ दाबून त्रिकोणाचे दोन भाग वेगळे केले की सीमारेषा मऊ होते. आता ब्रश पट्टाभर फिरला तरी पांढरे केसच उतरतात. ही सोय उजळ असलेल्या सगळ्यालाच लागू पडते, त्यामुळे गजऱ्याची फुले, कपाळ आणि कानाची पाळी मास्कमधून काटेकोरपणे बाहेर ठेवावी लागतात.

केसांवरची चमक सांभाळणे हे यातले सर्वांत नाजूक काम. वरून पडणाऱ्या उजेडाची चमक बहुधा भांगाच्या शेजारीच येते आणि पांढरी मुळेही तिथेच असतात. दोन्ही उजळ. फरक असा ओळखावा: चमक शेजारशेजारच्या अनेक केसांवर एका ओळीत येते आणि वरखाली हळूहळू मावळते. पांढरे मूळ त्वचेपाशी सुरू होते, चमकेच्या बाहेरही तितकेच पांढरे राहते आणि कलप सुरू होतो तिथे एकदम संपते. चमकेवर बदल थोडा कमी ठेवावा. ती पुसली गेली, तर डोक्याची गोलाईच हरवते.

उजेड जुळल्यावरही मुळे किंचित निळसर राखाडी दिसतात, कारण पांढऱ्या केसाला स्वतःचा रंगच नसतो. इथे कलर मोडच्या लेयरची पाळी येते. केसाच्या मधल्या लांबीवरून रंग उचलायचा आणि तीस ते चाळीस टक्के अपारदर्शकतेने लावायचा. काळ्याभोर केसांत याचा फरक जेमतेम दिसतो, तपकिरी किंवा बरगंडी कलपात मात्र तो लावल्याशिवाय जुळत नाही. मेंदी लावणाऱ्यांच्या बाबतीत गणित उलटे असते. तिथे आधी पांढरे असलेले केस केशरी झालेले असतात, त्यामुळे ह्यू-सॅच्युरेशन लेयरमधून लाल आणि पिवळ्याची तीव्रता थोडी कमी करावी लागते. त्वचेतही हेच रंग असतात, म्हणून इथेही मास्क कपाळापासून दूर हवा.

भांगातली त्वचा रंगवू नये. केस गडद झाले की भांगाची रेघ पूर्वीपेक्षा ठळक दिसू लागते आणि ती झाकण्याचा मोह होतो. ती खुपलीच, तर कडेने दोन-चार केस नव्याने काढावेत. कानशिलांवर तर हात आणखी आखडता घ्यावा. तिथे केस विरळ असतात, मधून त्वचा दिसते आणि गडद ब्रश फिरला की काजळ फासल्यासारखे दिसते. पन्नाशीच्या चेहऱ्याजवळ तिथे थोडे पांढरे राहिले तर चेहरा खरा वाटतो, आणि भुवयांत पांढरे केस असतील तर ते सोडून फक्त डोके काळेभोर करणेही विसंगत दिसते. फोटो ज्याचा त्याला किती पांढरे ठेवायचे हे आधी विचारून घेतलेले उत्तम.

तपासणी दोन प्रकारे होते. सगळ्या लेयरच्या वर एक तीव्र कर्व्हज लेयर तात्पुरता घातला की पडद्यावरचे ब्रशचे डाग उठून दिसतात. दुसरी, फोटो आडवा उलटवून आणि लहान करून पाहणे. लहान आकारात मुळांचा पट्टा वेगळा दिसत असेल, तर तो आता बाकीच्या केसांहून जास्त गडद झाला आहे असे समजावे. तेव्हा लेयरची अपारदर्शकता ऐंशी टक्क्यांवर आणली की बहुतेक वेळा काम भागते.

काही फोटोंत हे नीट होतच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या दाबलेल्या जेपेगमध्ये प्रत्येक केसाभोवती बारीक चौकड्यांची धूळ असते. केस काढला तरी ती उरते. मागे पैठणीचा काठ किंवा खिडकीची जाळी असेल तर फिल्टर निरुपयोगी ठरतो, नक्षी जुळवून एकेक केस क्लोन करावा लागतो. मुळे फोकसबाहेर असतील तर सुटे केस दिसतच नाहीत. तिथे मऊ ब्रशने थोडासा उजेड उतरवण्यापलीकडे जाऊ नये. पासपोर्ट आणि व्हिसाच्या फोटोंना तर हे काहीच लागू नाही, कारण त्यांत संगणकावर केलेला फेरफार चालत नाही.