५ व्होल्टचे ३.३ व्होल्ट करताना

छोट्या वाय-फाय बोर्डांवर अनेकदा एएमएस १११७ हा रेग्युलेटर दिसतो. ३.३ व्होल्ट स्थिर देण्यासाठी त्याला पूर्ण भारावर इनपुटला सुमारे सव्वा व्होल्ट जास्त लागतो. हाच त्याचा ड्रॉपआउट व्होल्टेज. त्यामुळे यूएसबीचे ५ व्होल्ट पुरतात, पण ३.७ व्होल्टची लिथियम बॅटरी जोडली की वाय-फाय सुरू होताच बोर्ड रीसेट होऊ लागतो.

५ व्होल्टमधले उरलेले १.७ व्होल्ट उष्णतेत जातात. ३०० मिलिअँपिअर प्रवाहाला हे अर्धा वॉट होते, आणि एवढ्याशा चिपला ते बरेच तापवते.

इनपुटला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर चालतो. आउटपुटला मात्र २२ मायक्रोफॅरडचा टँटलमच बरा. अगदी कमी अंतर्गत रोधाच्या सिरॅमिकमुळे या जुन्या रचनेचे आउटपुट डोलू शकते, आणि मल्टिमीटरला ते कळत नाही. ऑसिलोस्कोपच लावावा लागतो.